परत न आलेले कागद

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं. जावक बारनिशी लिहिली, सभांची इतिवृत्तं लिहिली, थकबाकीदारांना नोटिसा लिहिल्या. पण माणसांचं वागणं बदललं ते माझ्या एकाच वाक्याने. ते असं होतं : 'सदर अर्ज मुदतीत परत न आल्यास सभासदाची योजनेस संमती आहे असे समजण्यात येईल.' पाचशे माणसांना ते लागू झालं आणि वाचलं फार तर दहा-बारा जणांनी. कोणी वाचलं नाही म्हणूनच ते चाललं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोवर मी स्वतःला शहाणा समजत होतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत कामगारांची पगारदार पतसंस्था होती आणि मी तिथे कारकून होतो. बायको-मुलं साताऱ्याला, मी सांगलीत एका खोलीत. शनिवारी संध्याकाळी एसटी धरायची, सोमवारी पहाटे परत. ऑफिस म्हणजे कॅन्टीनला लागून एक खोली, तिला जाळीची खिडकी. खिडकीबाहेर उभ्या राहणाऱ्याच्या केसांत, मिश्यांत, भुवयांत कापूस असायचा. पहिल्या महिन्यात मला गिरणीतली सगळीच माणसं म्हातारी वाटली होती.

संस्थेत एक ऐच्छिक बचत योजना होती. तीन वर्षं दरमहा पगारातून ठरावीक रक्कम कापायची, शेवटी व्याजासह एकदम द्यायची. योजना चांगली होती. त्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं, फक्त माणसं नव्हती. आठ महिन्यांत साडेपाचशे सभासदांपैकी एकतीस अर्ज आले. त्यातला एक माझा. मी खिडकीत येईल त्याला विचारायचो, बचत का करत नाही? एकही जण नाही म्हणायचा नाही. "करायची हाय की भाऊसाहेब. फुडच्या पगाराला." पुढचा पगार यायचा, त्याच्या पुढचा यायचा, आणि तोच माणूस त्याच खिडकीत तेच वाक्य म्हणायचा. खोटं बोलतोय असंही वाटायचं नाही. त्याला खरंच करायची असायची.

मी वैतागलो होतो. मला राग पटकन येतो आणि तो उशिरा जातो. एका रविवारी मी तो साताऱ्यात माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या व्हरांड्यात नेला. त्यांनी कॉलेजात मला अर्थशास्त्र शिकवलं होतं, आता निवृत्त होऊन ते कुंड्यांना पाणी घालत. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या रद्दीकडे बोट दाखवलं.

"हे दुसरं वर्तमानपत्र मी वाचत नाही," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी एका महिन्यासाठी लावलं होतं. पोरगा रोज टाकतो, मी रोज ठरवतो की उद्या बंद करायला सांगू. तुझ्या कामगारांत आणि माझ्यात फरक काय आहे? मला काही न करता वर्तमानपत्र मिळतं. त्यांना काही न करता बचत मिळत नाही. एवढंच उलटं कर."

"म्हणजे?"

"ज्याला हवी त्याने अर्ज करावा, असं तुमचं आहे. त्याऐवजी ज्याला नको त्याने अर्ज करावा. बाकी सगळे आत. सक्ती नाही. दार उघडं ठेव, कधीही बाहेर पडता आलं पाहिजे. पण उभं राहायची जागा आतली दे. माणूस जिथे उभा केला तिथेच बराच वेळ उभा राहतो."

मला ते इतकं सोपं वाटलं की थोडी लाजच वाटली. रक्कम किती ठेवू, मी विचारलं. ते म्हणाले, तू सांग, तू त्यांना ओळखतोस. मी चाळीस म्हणालो. का, ते अजून मला ठाऊक नाही. बहुधा त्या महिन्यात कॅन्टीनचं माझं चहाचं बिल चाळीस आलं होतं.

आमचे व्यवस्थापक सावध गृहस्थ. त्यांनी कागद तीनदा वाचला आणि विचारलं, "हे कायद्यात बसतं का?" सभासद होताना प्रत्येकाने 'संस्था सभेत ठरवील ती कपात पगारातून करावी' असं आधीच लिहून दिलेलं होतं. वार्षिक सभेत ठराव मांडला. जेवणाची वेळ झाली होती, मागून भाताचा वास येत होता, मंजूर मंजूर म्हणून हात वर झाले. मग मी अर्ज तयार केला. वर योजनेची माहिती, खाली 'वरील योजनेतून मला वगळण्यात यावे' आणि सहीची जागा. वेगळी रक्कम कापायची असेल तर तीही लिहायला एक ओळ ठेवली. सायक्लोस्टाइल करून पगाराच्या पाकिटातून प्रत्येकाला एकेक कागद दिला. मुदत दोन महिने. फाटकाजवळच्या फळ्यावर सूचना लावली. सगळं रीतसर.

दोन महिन्यांनी 'वगळा'खाली सही केलेले त्रेचाळीस कागद परत आले. बाकीचे पाचशे आणि वर काही सभासद योजनेत आले. मी आकडा दोनदा मोजला. तीच गिरणी, तीच माणसं, पगारही तेवढाच. आणि आठ महिन्यांत एकतीस होते ते आता पाचशे. व्यवस्थापकांनी मला चहा पाजला, आणि तो माणूस स्वतःच्या पैशाने कोणाला पाणीसुद्धा पाजत नसे. मी रविवारी साताऱ्याला जाऊन प्राध्यापकांना पेढे दिले.

पहिला गोंधळ त्याच महिन्यात माझ्या लक्षात यायला हवा होता, पण मी तिकडे पाहिलं नाही. जुने जे एकतीस होते, त्यातले कोणी शंभर कापून घ्यायचे, कोणी दीडशे. नव्या अर्जावर चाळीस छापलं होतं. त्या एकतिसांपैकी चौघांनीच वेगळी रक्कम लिहून दिली. उरलेले मुकाट्याने चाळिसावर आले. त्यात मीही होतो. मी आधी शंभर टाकत होतो. चाळीस हा आकडा कुठून आला हे साऱ्या गिरणीत फक्त मला ठाऊक होतं, आणि तरी माझ्या मनात आलं की संस्थेने ठरवलंय तर तेच योग्य असेल. बायकोने साताऱ्यात पगारचिठ्ठी बघून विचारलं, "कपात कमी झाली की हो? तुम्हीच म्हणत होता ना बचत वाढवायची?" मी म्हणालो, नवीन योजना आहे. तिने चिठ्ठी परत दिली.

दोन वर्षं आणि दहा महिने असे गेले. दार उघडं होतं, पण बाहेर पडले सगळे मिळून सहाजण.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी रिलिंग खात्यातल्या एक बाई खिडकीत आल्या. रिलिंगमध्ये सुताच्या लडी करतात, तिथे बहुतेक बायकाच असत. या बाई चाळिशीच्या, मिरजेच्या बाजूच्या वस्तीतल्या. नवरा वारलेला. त्याच गिरणीत ब्लोरूममध्ये, म्हणजे गाठी फोडून कापूस पिंजतात तिथे, त्यांचा दीर होता. घरं शेजारी शेजारी पण चुली वेगळ्या. बाईंना एक मुलगी, ती बारावी झाली होती. नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागेल असं दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉस्टेलची अनामत, गणवेश, खानावळ, सगळं एकदम भरायचं होतं. भरलं नाही तर यादीतली पुढची मुलगी घेणार.

"भाऊसाहेब, माझी बचत किती झाली ती सांगा," बाई म्हणाल्या. "मे संपला की मिळंल न्हवं?"

मी खतावणी काढली. त्यांचं नाव नव्हतं. मला वाटलं पान चुकलं. क्रमांकाने पाहिलं, खात्याने पाहिलं. नाव नव्हतं. मग उगीच, दुसरं काही सुचेना म्हणून, मी ती त्रेचाळीस कागदांची फाइल उघडली. सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात आधी आलेला कागद त्यांचाच होता. खाली सही होती, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सुटं.

"बाई, तुम्ही तर नको म्हणून लिहून दिलंय."

"मी कशाला नको म्हनू? मी तर दुसऱ्याच दिशी कागद आनून दिला. तुमच्याच हातात दिला."

मला आठवलं. दोन्ही हातांनी दिला होता. देवळात ताट देतात तसा. मी वर न बघता तो फाइलला लावला होता आणि मनात म्हटलं होतं, चला, नाही म्हणणारे सुरू झाले.

बाईंनी आपलं म्हणणं मला सांगितलं आणि त्यात तसूभरही चूक नव्हती. आजवर त्यांना जे काही मिळालं ते कागदावर सही करून, तो कागद नेऊन दिल्यावर मिळालं. रेशनकार्ड, पोरीचा शाळेतला दाखला, नवऱ्याच्या जागेवरची ही नोकरी. कागद घरात ठेवला म्हणून कोणाला काही मिळालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. वरती बचतीची माहिती होती, ती त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. फाटकावरच्या माणसाला विचारलं, हे बचतीचंच हाय न्हवं? तो म्हणाला, होय. झालं. बचत पाहिजे होती म्हणून त्यांनी सही केली.

"पण दर महिन्याला पगारचिठ्ठीवर कपात दिसत नव्हती, ते कळलं नाही?"

त्यांनी कमरेची पिशवी काढून चिठ्ठी दाखवली. 'सोसायटी' असा एकच रकाना. त्यात वर्गणी, शेअर, कर्जाचा हप्ता सगळं एकत्र मांडलेलं. बाईंचं नवऱ्याच्या आजारपणातलं कर्ज अजून फिटत होतं. त्या रकान्यात दरमहा आकडा होता, आणि त्यातच आपली बचत आहे असं त्या पावणेतीन वर्षं समजत होत्या.

"मग आता सही करू का परत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की आता केली तर पैसे आणखी तीन वर्षांनी मिळतील. त्यांनी चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "बरं," आणि पाळीवर गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी फाइल घेऊन खात्याखात्यातून हिंडलो. त्रेचाळीसपैकी पाच नोकरी सोडून गेले होते. उरलेल्या अडतिसांना मी एकच विचारलं, बचत हवी होती की नको होती? तेवीसजण म्हणाले, हवी होती, म्हणून तर सही केली. ज्यांना सगळ्यात जास्त हवी होती, जे मुदत संपायच्या आत धावत आले, तेच मी बाहेर ठेवले होते. मग आत कोण होतं? ज्यांनी कागद खिशात ठेवून धुतला, चुलीत घातला, देवाच्या फोटोमागे खोचला, ते. त्यातल्या कितीजणांना हवी होती? आणि ज्याला आपण आत आहोत हे माहीतच नाही, त्याने बचत केली असं म्हणायचं की त्याच्याकडून ती झाली?

व्यवस्थापक म्हणाले, "सही त्यांची आहे. संस्था काय करणार? आणि उरलेल्या पाचशेंना विचारत हिंडू नकोस. विचारलंस तर निम्मे बाहेर पडतील."

"पण निम्मे बाहेर पडणार असतील तर..."

"तर काय?"

चांगली गोष्ट माणसाच्या नकळत झाली तर ती चांगलीच राहते का, असं काहीतरी मला विचारायचं होतं. पण अशी वाक्यं ऑफिसात बोलता येत नाहीत. बाईंना तातडीचं कर्ज तरी द्या म्हटलं, तर पहिलं फिटेपर्यंत दुसरं देता येत नाही हा नियम त्यांनी मला वाचून दाखवला. तोही मीच टाइप केलेला होता.

मी साताऱ्याला गेलो तेव्हा प्राध्यापक कुंड्यांशीच होते. कोपऱ्यातलं दुसरं वर्तमानपत्र अजून येत होतं. मी सगळं सांगितलं. ते पुढच्या कुंडीकडे वळले. मग म्हणाले, "मी धरून चाललो होतो की काहीच न करणं सगळ्यांना सारखंच सोपं असतं. तुझ्या बाईंना काहीतरी करणं सोपं होतं." मी म्हटलं, ते ठीक, पण आता त्यांच्या मुलीचं काय? त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, ते अर्थशास्त्रात येत नाही. त्यांचा मला फार राग आला. पण त्यांनी तरी काय करायचं होतं? पेढे खाल्ले होते तेव्हा मीही काही विचारलं नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात योजनेचं वाटप झालं. पाकिटं तयार, सह्या घ्यायच्या आणि द्यायची. खिडकीसमोर रांग. बरेचजण हसत होते. कित्येकांना आपल्याला काय मिळतंय हेच माहीत नव्हतं, पण मिळतंय म्हटल्यावर कोण नको म्हणतो? एकजण म्हणाला, बोनस का? मी म्हटलं, तुझेच पैसे. तो म्हणाला, असू दे, बोनसच समजतो.

शेवटी शेवटी त्या बाईंचा दीर आला. उंच, वाळका, ब्लोरूममधल्या माणसांसारखा सतत खाकरणारा. मी सही करायला नोंदवही पुढे सरकवली. त्याने हात मागे घेतला.

"मी सही करत न्हाई," तो म्हणाला. "तवाबी केली न्हवती. तुमचा कागद मी घरीच ठिवला."

"का?"

"आदीच्या मिलमधी संप झाला तवा हजेरी म्हनून सही घेतली. मागनं कळलं, संपाच्या दिसांचा पगार मागनार न्हाई असं लिवून घेतलं व्हतं. तवापास्नं कुनी कागद दिला की मी घरी नेतो आन् ठिवतो. सही न्हाई तर आडकायचं न्हाई."

मी त्याला समजावलं की तू सही केली नाहीस म्हणूनच तुझी बचत झाली, दरमहा चाळीस रुपये कापले गेले, हे पाकीट त्याचं. त्याला ते पटायला वेळ लागला. मग त्याने विचारलं, "कवापास्नं कापताय?"

"तीन वर्षं झाली."

तो बोटांनी काहीतरी मोजू लागला. "म्हंजी तवाच," तो म्हणाला. "तवापास्नं पगार पुरंना. मी बायकोला म्हनलो, तुजा हात सैल हाय. ती म्हनली, मी काय जास्त करते? लय भांडलो. मग तिनं धाकट्या पोराचं दूध बंद केलं. रोजचं पावशेर. तीन वर्सं त्येनं कोरा चा पिला."

मी पेन खाली ठेवलं. चाळीस रुपये. माझ्या चहाचं बिल. तीन वर्षं मी रोज चार कप दुधाचा चहा प्यायलो होतो आणि ते दूध कोणत्या पोराच्या वाटचं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला त्याची माफी मागायची होती, पण कशाबद्दल ते धड जुळेना. पैसे त्याचेच होते, व्याजासह परत मिळत होते. कपातीचा आकडा पगारचिठ्ठीवर होता. दार उघडं होतं.

"तू चिठ्ठी बघत नाहीस?"

"चिठ्ठी बघून काय व्हतंय? कापायचं ते कापत्यात."

अखेर त्याने पाकिटासाठी अंगठा दिला. सही येत असून अंगठा दिला, का ते त्याला ठाऊक. पाकीट हातात धरून तो तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "वैनीचं न्हाई आलं म्हनं."

मी नाही म्हटलं.

"तिला पायजे व्हतं तर तिला न्हाई. मला ठावं न्हवतं तर मला." तो खाकरला. "ह्ये काय मी साटवलेलं न्हाई भाऊसाहेब. हातात असतं तर कवाच गेलं असतं. पोराचं दूध तर काय आता परत येत न्हाई. पोरीचं तरी व्हऊ द्या."

तो रांगेतून सरळ रिलिंग खात्याकडे गेला. पाकीट त्याने उघडलंही नाही. बाईंनी ते घेतलं, नको म्हणून तीन दिवस परत देत राहिल्या आणि चौथ्या दिवशी सुट्टी घेऊन मुलीबरोबर गेल्या. मुलीचं नाव लागलं. हे मला कॅन्टीनमध्ये कळलं आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. आनंद झाला होता. पण हा आनंद माझा म्हणून घ्यावा तर ते चोरीचं वाटत होतं.

नवीन योजनेचा अर्ज मी पुन्हा तयार केला. या वेळी दोन चौकटी ठेवल्या, 'हवी' आणि 'नको', शेजारी शेजारी, मोठ्या अक्षरात. ज्याने त्याने एका चौकटीत खूण करायची. पगारचिठ्ठीवर बचतीचा वेगळा रकाना करून घेतला. व्यवस्थापकांनी कागद पाहिला आणि बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं. "आणि जो कुठेच खूण करणार नाही, त्याला कुठल्या गठ्ठ्यात टाकायचं?"

मी दोन दिवस विचार केला. कोरा कागद म्हणजे हो धरला तर पुन्हा कुठल्यातरी पोराचं दूध. नाही धरला तर पुन्हा 'फुडच्या पगाराला'. मधला गठ्ठा नव्हताच. पगार करताना कापायचे किंवा नाही कापायचे, दोनच गोष्टी करता येतात. शेवटी मी भिऊन 'नको' धरला आणि तसं खाली छापलं. मग रोज पाळी सुटताना फाटकाजवळ उभा राहून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवू लागलो. लोक हसायचे. म्हणायचे, भाऊसाहेबाचं डोस्कं फिरलं.

बाईंचा अर्ज पहिल्याच दिवशी आला. त्यांनी 'हवी'त खूण केली होती, शिवाय त्यांचा विश्वास नव्हता म्हणून कागदभर आडवं लिहिलं होतं : मला बचत पाहिजे. अक्षर मात्र सुटं नव्हतं. मुलगी सुट्टीवर आली असावी.

शेवटच्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना, दीर आला. त्याने कागद जाळीखालून आत सरकवला. कोरा.

"खूण कर एकीकडे," मी म्हटलं.

"मागल्या बारीला मी काय केलं न्हाई तवा पोरगी शिकाय गेली. ह्या बारीलाबी काय करत न्हाई."

"अरे, तसं नाही आता. मी बदललंय. आता काही केलं नाहीस तर बचत होणार नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला हजेरी म्हणून सही मागतोय. "सारकं बदलताय कशाला?"

मी पेन पुढे केलं. "तुला पाहिजे ना? मग चौकटीत खूण कर."

"तुमीच करा की. तवा काय इचारलं व्हतं?"

मागे कोणी नव्हतं. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला होता. मी त्याला विचारलं, दरमहा चाळीस, पगारातून, तीन वर्षं, हवेत की नकोत? तो म्हणाला, पायजेत. मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी तो चिडला. मग मी 'हवी'त खूण केली, शेजारी लिहिलं, 'सभासदाने तोंडी सांगितल्यावरून', आणि खाली माझी सही केली. हे नियमात बसतं का, हे मी व्यवस्थापकांना विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात पगार झाला. सगळे गेल्यावर तो खिडकीत आला. चिठ्ठी त्याने उघडून आणली होती आणि नव्या रकान्यावर अंगठा ठेवला होता.

"दिसतंय आता," तो म्हणाला. "घरात बसून ठरवलं ह्या बारीला. दूध चालूच ठिवलंय." मग खिशातून रिकामी डबी काढून त्याने मला दाखवली. "तमाकू सोडली."